केळापूरच्या नाक्यावर एक खेप, तीन नोंदी

पांढरकवड्याजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 वर केळापूरचा टोलनाका आहे. जुने लोक या रस्त्याला अजून सात नंबरच म्हणतात. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा माल याच रस्त्याने जातो. विदर्भातल्या रुईच्या गाठी दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांना निघाल्या, तर त्याही बहुतेक इथूनच. 2021 च्या 15 फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि नाक्यावरची सुट्ट्या पैशांची हुज्जत जवळपास संपली. हिशेबाची हुज्जत मात्र संपली नाही. पूर्वी ती खिडकीशी व्हायची, आता ती महिनाअखेरीस वाहतूकदाराच्या टेबलावर होते.

घरच्या गाडीला फास्टॅग असेल, तर पैसे कापल्याचा मेसेज येतो आणि विषय संपतो. दहा-बारा ट्रक असणाऱ्याचं तसं नसतं. त्याचे सगळे टॅग एका खात्याला जोडलेले असतात आणि महिन्याच्या शेवटी हातात एक लांबलचक यादी येते: कोणती गाडी, कोणता नाका, किती वाजता, किती रुपये. काही ठिकाणी ही यादी उधारीचं बिल म्हणूनच येते, म्हणजे महिनाभर गाड्या धावतात आणि पैसे नंतर भरायचे. मुनीम यादी घेऊन बसतो, ड्रायव्हरच्या खेपांच्या वहीशी ताडून बघतो, आणि कुठे एक खेप दोनदा दिसते, तर कुठे वहीत असलेली खेप यादीत नसते. दोन्ही प्रकार लबाडीमुळे होतात असं नाही. ते का होतात आणि बिल बंद करण्याआधी ते कसे पकडायचे, हे या नाक्याच्याच उदाहरणावरून नीट समजतं.

आधी एक मूलभूत फरक. घरच्या विजेच्या मीटरवरचा आकडा चढत जाणारा असतो. एखाद्या महिन्यात रीडिंग घेणारा आला नाही आणि सरासरीचं बिल आलं, तरी पुढच्या खऱ्या रीडिंगमध्ये सगळं आपोआप जुळतं, कारण वापरलेलं प्रत्येक युनिट त्या आकड्यात जमा झालेलं असतं. तोच आकडा दोनदा कळवला, तरी बिघडत नाही. टोलचं तसं नाही. इथे चढता आकडा नाही, एकेक सुटी नोंद आहे: ही गाडी या वेळी या लेनमधून गेली. नोंद हरवली, तर ती पुढच्या नोंदीतून भरून येत नाही. दोनदा आली, तर बेरजेत दोनदा धरली जाते. मोबाइलचे कॉल, मेसेज, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचे तास, अशा सगळ्या ‘जेवढं वापराल तेवढं भरा’ सेवांचं मोजमाप याच दुसऱ्या प्रकारचं असतं. म्हणून त्यांच्या हिशेबात दुहेरी नोंद आणि उशिरा आलेली नोंद हेच दोन खरे शत्रू.

आता नाक्यावर काय घडतं ते पाहू. काचेवरच्या टॅगला बॅटरी नसते. लेनवर टांगलेल्या अँटेनाकडून येणाऱ्या लहरींवरच त्याची चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. आपल्याकडे यासाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. गाडी अँटेनाखाली असते त्या काही क्षणांत वाचणारं यंत्र तोच टॅग पुष्कळदा वाचतं. रांगेत ट्रक थांबला, तर वाचनं आणखी वाढतात. म्हणजे दुहेरी नोंद हा अपवाद नसून यंत्राच्या कामाचा स्वभावच तसा आहे. लेनमधलं नियंत्रक यंत्र ही सगळी वाचनं गोळा करतं, रस्त्याखालच्या तारेच्या वेटोळ्यांवरून गाडी आत आली आणि बाहेर गेली हे ओळखतं, आणि त्या दोन क्षणांमधल्या साऱ्या वाचनांची मिळून एक नोंद बनवतं. पुढे हिशेबात जी ‘खेप’ चालते ती हीच.

नोंद बनण्याचा हा क्षण फार मोलाचा आहे. नोंदीला तिची ओळख इथेच मिळायला हवी, पुढे कुठे नाही. नाका, लेन आणि त्या लेनचा चढता अनुक्रमांक मिळून एक अशी खूण बनते, जी दुसऱ्या कुठल्याही खेपेला मिळता कामा नये. ही खूण नोंद पाठवण्याआधी एकदा लिहायची आणि नंतर कितीही वेळा पाठवली, तरी बदलायची नाही.

याचं कारण पुढच्या टप्प्यात दिसतं. लेनकडून नोंद नाक्याच्या मुख्य सर्व्हरला जाते, तिथून नाक्याच्या बँकेला, तिथून एनपीसीआयच्या मधल्या यंत्रणेला आणि शेवटी ज्या बँकेने टॅग दिला तिला. ती बँक पैसे कापते आणि उत्तर उलट्या वाटेने परत येतं. या वाटेत कुठेही लाइन तुटली, तर पाठवणाऱ्याला दोनच गोष्टी कळतात: मी पाठवलं, आणि उत्तर आलं नाही. नोंद पोचलीच नाही, की पोचली पण उत्तर वाटेत हरवलं, हे त्याला कळायला काहीच मार्ग नसतो. गप्प बसावं, तर महसूल बुडण्याची भीती. म्हणून तो पुन्हा पाठवतो, आणि तेच बरोबर आहे. पाठवणाऱ्याने निःशंकपणे पुन्हा पाठवावं आणि घेणाऱ्याने ओळख पाहून दुसरी प्रत बाजूला ठेवावी, अशी ही वाटणी असते. पुन्हा पाठवताना यंत्राने नवा क्रमांक दिला, तर ही वाटणी तिथेच मोडते, कारण घेणाऱ्याच्या लेखी ती नवी खेप ठरते.

घेणाऱ्याच्या बाजूचा पहारा डेटाबेसच्या दोन आज्ञांत बसतो. नावं इथे समजण्यापुरती घेतली आहेत:

```
CREATE UNIQUE INDEX one_pass
  ON passes (plaza, lane, machine, seq);
INSERT INTO passes (...) VALUES (...)
  ON CONFLICT DO NOTHING;
```

यात `machine` हा जास्तीचा रकाना कशाला, असं वाटेल. लेनमधलं नियंत्रक यंत्र कधीतरी जळतं, नवं बसवतात, आणि नव्या यंत्राचा अनुक्रमांक पुन्हा 1 पासून सुरू होतो. ओळखीत यंत्राचा क्रमांक नसेल, तर लेन 4 ची आजची पहिली खेप आणि दोन वर्षांपूर्वीची पहिली खेप यांची खूण एकच ठरते. मग पहारेकरी आजची खरी खेप दुहेरी समजून टाकून देतो. ही चूक दुहेरी आकारणीपेक्षा वाईट आहे असं माझं मत आहे. जादा पैसे कापले गेले, तर ग्राहक ओरडतो. कापलेच गेले नाहीत, तर कुणीच ओरडत नाही आणि महिनोन्‌महिने नाक्याचा महसूल गळत राहतो. म्हणून वरच्या `DO NOTHING` वर डोळे झाकून विसंबू नये. टाकून दिलेली प्रत्येक नोंद वेगळ्या वहीत ठेवावी आणि मूळ नोंदीशी ताडावी. खूण तीच आणि आतला मजकूरही तोच असेल, तर ती खरोखर दुसरी प्रत. खूण तीच पण टॅग वेगळा असेल, तर क्रमांकाचा घोटाळा आहे, तिथे थांबून माणसाने पाहायला हवं.

एवढ्याने पुन्हा पाठवलेल्या प्रती पकडल्या जातात. ज्यांची ओळखच मुळात वेगळी आहे अशा दुहेरी नोंदी मात्र सुटतात. त्यांचे दोन प्रकार नेहमी दिसतात. एक, शेजारच्या लेनचा अँटेना. ट्रक लेन 3 मध्ये असताना लेन 4 च्या यंत्रानेही टॅग वाचला आणि त्याच वेळी लेन 4 मधून टॅग नसलेली गाडी गेली, तर दोन लेनमध्ये दोन स्वतंत्र आणि नियमानुसार बरोबर नोंदी तयार होतात. दुसरा प्रकार हाताने केलेल्या नोंदीचा. टॅग वाचला गेला नाही, किंवा वाचला पण पडद्यावर आला नाही, आणि लेनवरच्या माणसाने गाडीचा नंबर टाइप केला. यात आकडा चुकला, तर नाक्याकडे फिरकलीही नाही अशा गाडीचे पैसे कापले जातात. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचा टोल कापल्याच्या तक्रारी यातूनच आल्या. महामार्ग प्राधिकरणाच्या यंत्रणेने अशा चुकीच्या वसुलीसाठी नाकाचालकावर दर प्रकरणी एक लाख रुपयांचा दंड ठेवला, तेव्हा हाताने नोंद करण्याची सवय आटोक्यात आली.

असल्या जोड्या वेळेच्या अंतरावरून पकडाव्यात, असं सहज मनात येतं. एकाच गाडीच्या एकाच नाक्यावर अर्ध्या तासात दोन नोंदी आल्या, की एक काढून टाकायची. पण माल उतरवून लगेच वळणारा टिप्परही वीस मिनिटांत परत येऊ शकतो. हे अंतर मोठं ठेवलं, तर खऱ्या खेपा जातात, लहान ठेवलं, तर दुहेरी सुटतात. दिशा विचारात घेतली, की चित्र बदलतं. नागपूरकडून आदिलाबादच्या दिशेने केळापूर ओलांडलेला ट्रक परत आल्याशिवाय पुन्हा त्याच दिशेने तिथून जाऊ शकत नाही. म्हणून एकाच दिशेच्या दोन नोंदी लागोपाठ असतील आणि मध्ये उलट्या दिशेची नोंद नसेल, तर त्यांतली एक संशयास्पद. शेजारच्या नाक्यांची साक्षही काढता येते: उत्तरेला वर्धा जिल्ह्यात दारोडा, दक्षिणेला तेलंगणात शिरल्यावर पिप्पलवाडा. पण गाडी गावातल्या रस्त्याने वळून आली असेल, हीही शक्यता असते. तेव्हा अशी नोंद पुसायची नाही. तिच्यावर ‘तपासा’ असा शेरा मारून लेनच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहायचं आणि तोवर ती बिलाबाहेर ठेवायची.

आता एक खेप पूर्ण सोडवून पाहू. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मानलेले आहेत. पांढरकवड्याच्या एका वाहतूकदाराचा ट्रक 31 ऑक्टोबरच्या रात्री नागपूरहून माल घेऊन आदिलाबादकडे निघाला आणि 11 वाजून 52 मिनिटांनी केळापूर ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला संध्याकाळी साडेपाचला तो त्याच नाक्यावरून परतला. एका खेपेचा दर 300 रुपये धरू. 2008 च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांप्रमाणे 24 तासांत परतणाऱ्या गाडीला दोन्ही खेपा मिळून एका खेपेच्या दीडपट शुल्क पडतं. म्हणजे जातानाचे 300, येतानाचे 150, एकूण 450.

त्या रात्री लेन 3 आणि नाक्याचा सर्व्हर यांच्यातली तार तुटली होती. लेनच्या यंत्राने टॅग वाचला, स्वतःकडच्या यादीत तपासला, अडसर उघडला आणि नोंद स्वतःपाशी ठेवली. खिडकीतल्या माणसाला पडद्यावर काही दिसेना, म्हणून त्याने शेजारच्या यंत्रावर गाडीचा नंबर हाताने टाइप केला. ती नोंद आपोआप पुढे गेली नाही. नंतर तपासून पाठवायच्या गठ्ठ्यात ती पडली. 3 नोव्हेंबरला सकाळी अकराला तार जोडली गेली आणि लेन 3 ने साचलेल्या नोंदी पाठवल्या. उत्तर यायला वेळ लागला, म्हणून दोन मिनिटांनी तिने त्या पुन्हा पाठवल्या. दुपारी हाताच्या नोंदींचा गठ्ठाही रवाना झाला. या सगळ्याआधी, 1 तारखेच्या संध्याकाळीच, परतीची नोंद दुसऱ्या लेनमधून सुरळीत येऊन बसली होती. जातानाची नोंद सर्व्हरला माहीतच नव्हती, म्हणून परतीला पूर्ण दर लागला. आलेल्या क्रमाने यादी अशी दिसते:

```
मिळाली        घडली          लेन  यंत्र  अनु.  दिशा
01/11 17:30  01/11 17:30  7   G2  8841  परत
03/11 11:00  31/10 23:52  3   C5  4183  जाणं
03/11 11:02  31/10 23:52  3   C5  4183  जाणं
03/11 15:10  31/10 23:55  M   -   -     जाणं
```

जी येईल ती नोंद तशीच धरणारा हिशेब याचे चार वेळा 300, म्हणजे 1200 रुपये लावतो, आणि तेही सगळे नोव्हेंबरच्या बिलात. खरे होतात 450, त्यांतले 300 ऑक्टोबरचे आणि 150 नोव्हेंबरचे.

सोडवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. तिसऱ्या ओळीची खूण दुसरीसारखीच आणि मजकूरही तोच, म्हणून ती आत शिरतानाच बाजूला होते. चौथीला यंत्राची खूण नाही, पण त्याच गाडीच्या त्याच दिशेच्या खेपेपासून ती तीनच मिनिटं दूर आहे आणि मध्ये परतीची नोंद नाही. ती संशयाच्या यादीत जाते, कॅमेऱ्यात त्या वेळी तो ट्रक एकदाच दिसतो, आणि ती रद्द होते. उरलेल्या दोन नोंदी घडल्याच्या वेळेनुसार मांडायच्या आणि मगच दर लावायचा. जाणं 23:52, परतणं दुसऱ्या दिवशी 17:30, अंतर साडेसतरा तासांच्या आसपास, म्हणून परतीला निम्मा दर. कच्ची नोंद आणि लावलेली रक्कम वेगवेगळ्या ठेवलेल्या असतील, तरच हे जमतं. नोंद आली त्याच क्षणी 300 कापून मूळ माहिती फेकून दिली असेल, तर पुन्हा हिशेब करायला हातात काही उरत नाही. इथे उशिरा आलेल्या एका नोंदीने आधी आलेल्या दुसऱ्या नोंदीचा दर बदलला. उशिराची नोंद म्हणजे यादीत एक ओळ वाढवायची एवढंच काम, असं समजणारे हिशेब नेमके इथे चुकतात.

प्रत्येक नोंदीला दोन वेळा हव्यात, हे यातून आपोआप दिसतं: घडल्याची आणि मिळाल्याची. कोणत्या महिन्याचं बिल, कोणता दर, सवलत आहे की नाही, हे सारं घडल्याच्या वेळेवरून ठरायला हवं. टोलचे दर साधारणपणे दर वर्षी 1 एप्रिलला बदलतात. 31 मार्चच्या रात्री नाका ओलांडलेल्या गाडीची नोंद 2 एप्रिलला पोचली, तरी दर जुनाच लागला पाहिजे. मिळाल्याची वेळ फक्त विलंब मोजायला वापरायची.

या दोन वेळांचा प्रश्न देशपातळीवर किती खरा आहे, ते एनपीसीआयच्या 28 जानेवारी 2025 च्या परिपत्रकातून दिसलं. 17 फेब्रुवारीपासून ते लागू झालं. टॅग वाचला गेला त्या वेळेआधी एक तासाहून अधिक काळ तो काळ्या यादीत असेल आणि वाचल्यानंतर दहा मिनिटांपर्यंतही तिथेच असेल, तर तो व्यवहार नाकारला जातो. गाडीवाल्यांत घबराट उडाली, तेव्हा महामार्ग प्राधिकरणाने खुलासा केला की हा नियम दोन बँकांमधले वाद मिटवण्यासाठी आहे, नाका ओलांडताना टॅगची स्थिती काय होती हे ठरवण्यासाठी, आणि व्यवहार वाजवी वेळात नोंदले जावेत यासाठी. हे सारं मोजायचं ते टॅग वाचल्याच्या वेळेपासून, पैसे कापले गेल्याच्या वेळेपासून नव्हे. त्याच खुलाशात हेही सांगितलं होतं की राष्ट्रीय महामार्गांवरचे नाके टॅगची ताजी स्थिती लगेच कळवणाऱ्या नव्या पद्धतीवर, म्हणजे आयसीडी 2.5 वर आहेत, तर राज्य महामार्गांवरचे काही नाके तेव्हा जुन्या 2.4 वर होते आणि त्यांना यादी ठरावीक वेळाने ताजी करावी लागत होती. एकाच प्रवासात ट्रकने दोन्ही प्रकारचे नाके ओलांडले, की एकाच बिलात वेगवेगळ्या विलंबाच्या नोंदी येऊन मिसळतात.

घडल्याच्या वेळेवर एवढा भार टाकायचा, तर लेनचं घड्याळ बरोबर असायला हवं. ते वीस मिनिटं पुढे धावत असेल, तर महिन्याच्या शेवटच्या रात्रीच्या खेपा पुढच्या महिन्यात जातात आणि 24 तासांच्या सीमेवरच्या गाड्यांची सवलत बुडते. घड्याळ चुकल्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे उणे विलंब: नोंद घडण्याआधीच मिळाली, असं दिसणं. अशी एकही ओळ दिसली, तर त्या लेनच्या साऱ्या वेळांवर शंका घ्यावी. घड्याळ मागे धावत असेल, तर ते पकडणं कठीण, कारण त्या लेनच्या नोंदी नुसत्या उशिरा आल्यासारख्या वाटतात. तिथे शेजारच्या लेनशी तुलना करून सतत तेवढाच फरक दिसतो का, हे पाहावं लागतं.

आता मुख्य प्रश्न: ऑक्टोबरचं बिल बंद कधी करायचं? 31 तारखेच्या मध्यरात्रीच बंद केलं, तर वरची खेप सुटते. महिनाभर थांबलं, तर वाहतूकदाराला आपला खर्चच कळत नाही आणि बिल देणाऱ्याचे पैसे अडकतात. याचं उत्तर अंदाजाने नाही, मोजून काढायचं. मागच्या काही महिन्यांच्या नोंदी घ्यायच्या, प्रत्येकीचा विलंब काढायचा, आणि पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी किती नोंदी येऊन पोचलेल्या होत्या ते नाक्यागणिक पाहायचं. बहुतेक नोंदी काही मिनिटांतच येतात. उरलेल्या थोड्या नोंदींची शेपटी कुठे संपते, ते पाहून थांबण्याचे दिवस ठरवायचे. सगळ्या नाक्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही, कारण उशीर सगळीकडे सारखा विखुरलेला नसतो. एखाद्या नाक्याची एखादी तार तुटली, की तिथल्याच शेकडो नोंदी एका वेळी उशिरा येतात.

दिवस मोजण्याहून चांगला पुरावा म्हणजे लेनचा अनुक्रमांक. लेन 3 कडून 4181, 4182, 4184, 4185 आले आणि 4183 आला नाही, तर ती खेप झाली आहे आणि अजून पोचलेली नाही, हे पक्कं. 4185 च्या पुढे काहीच आलं नाही, तर मात्र लेन रिकामी होती की तार तुटली होती, हे क्रमांकावरून कळत नाही. त्यासाठी लेनने दर थोड्या वेळाने ‘मी चालू आहे, माझा शेवटचा क्रमांक अमुक’ असा निरोप पाठवायला हवा. एवढं असलं, की बिल बंद करणाऱ्याला नेमकं म्हणता येतं: ऑक्टोबरपुरत्या अमुक लेन पूर्ण झाल्या, केळापूरच्या लेन 3 ची एक खेप बाकी. बाकी थोडी असेल, तर बंद करावं आणि बिलावर तसं लिहावं. अख्खी लेन गप्प असेल, तर थांबावं. खेप हरवलेली आहे की फक्त उशिरा आहे, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने बिलावर ‘अंतिम’ हा शब्द छापू नये.

बंद केल्यावरही नोंदी येतातच. तेव्हा छापलेल्या बिलात हात घालायचा नाही. वाहतूकदाराने ते आपल्या खात्यात लिहिलेलं असतं, कदाचित पुढे माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडून त्यावरून वसुलीही केलेली असते. समजा वरच्या उदाहरणात ऑक्टोबरचं बिल 2 तारखेला बंद झालं. मग नोव्हेंबरच्या बिलात दोन वेगळ्या ओळी हव्यात: ‘ऑक्टोबरची राहिलेली खेप, 31/10, 300 रुपये’ आणि ‘1/11 च्या परतीची सवलत, वजा 150’. दोन्हींची एकच ओळ करून ‘समायोजन 150’ असं लिहिणं सोयीचं वाटतं, पण मुनिमाला त्यातून काहीच ताडता येत नाही. त्याच्या वहीत 31 तारखेची खेप आहे, तिला बिलात तिच्या तारखेसह जोडीदार मिळाला पाहिजे. रस्ता वापरण्याच्या टोलवर जीएसटी नाही, पण यादी पुरवणारा त्यावर आपलं सेवाशुल्क लावत असेल तर त्यावर कर असतो, आणि कर लावलेलं बिल कमी करायचं तर कायद्याने क्रेडिट नोटच काढावी लागते. जुनं बिल खोडून नवं छापण्याची वाट तिथे कायद्यानेच बंद केली आहे.

क्रम चुकला तर काय होतं, याची आणखी एक बाजू 15 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेल्या वार्षिक पासमुळे समोर आली. खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी सुरुवातीला 3000 रुपयांत 200 खेपा किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. इथे पैशांऐवजी खेपाच मोजल्या जातात, म्हणून दुहेरी नोंद गाडीवाल्याच्या सहज लक्षात येत नाही. 200 मधली एक नुसतीच कमी होते, मोठी रक्कम कापल्याचा मेसेज काही येत नाही. शिवाय शेवटच्या खेपेपाशी क्रम निर्णायक ठरतो. एखाद्या कारने आपली दोनशेवी खेप केळापूरला केली आणि त्याच प्रवासात दोनशे एकावी दारोड्याला. केळापूरची नोंद अडकली आणि दारोड्याची आधी पोचली, तर मिळालेल्या क्रमाने दारोडा पासमध्ये बसतं आणि केळापूरचे पैसे कापले जातात. दोन्ही नाक्यांचे दर वेगळे असतील, तर रक्कमच चुकते. पासचं वर्ष संपण्याच्या रात्री ओलांडलेल्या नाक्याचंही तेच. नोंद दुसऱ्या दिवशी पोचली म्हणून ती पासाबाहेर जाता कामा नये.

वाहतूकदाराला यातलं यंत्र दिसत नाही, यादी मात्र दिसते. यादीत नाका ओलांडल्याची आणि पैसे कापल्याची अशा दोन्ही वेळा आहेत का, हे आधी पाहावं, आणि एकच असेल, तर दुसरी मागून घ्यावी. दोन्ही मिळाल्या, की यादी ओलांडल्याच्या वेळेने लावून एकेका गाडीची दिशा सलग वाचावी: गेली, आली, गेली, आली. जिथे दोनदा ‘गेली’ लागोपाठ दिसेल, तिथे एक तर नोंद जादा आहे किंवा मधली परतीची नोंद अजून यायची आहे. कापलेल्या रकमेची तक्रार 1033 वर करताना नाका, लेन आणि ओलांडल्याची वेळ या तीन गोष्टी सांगितल्या, तर नाक्यावरचा माणूस कॅमेऱ्याचं नेमकं चित्र काढू शकतो. नुसती पैसे कापल्याची वेळ दिली, तर तो 3 नोव्हेंबरच्या सकाळचं चित्र शोधत बसेल, आणि त्या वेळी तो ट्रक नाक्यावर नव्हताच.